५.१४ ओहम आलं, पण प्लस-मायनस किती? व्होल्टमीटर-अॅमीटरच्या एका प्रॅक्टिकलचा पूर्ण हिशोब

एप्रिलचे शेवटचे दिवस होते, नागपुरात तेव्हा दुपारी लॅबमध्ये कूलर फुल्लवर असला तरी टेबलाचा सनमायका हाताला गरम लागतो. एफवाय बीएस्सीची बॅच ओहमच्या नियमाचं प्रॅक्टिकल करत होती आणि एक मुलगी जर्नल घेऊन माझ्या टेबलाशी आली. म्हणाली, "सर, कॉइलवर ५ ओहम लिहिलं आहे आणि माझं ५.१४ येऊन राहिलं. एरर काढली तर २ टक्के येते, मग ५ त्यात बसतच नाही. कॉइल खराब आहे का?" मागून तिचा पार्टनर म्हणाला, "गर्मीनं वाढला असेल ना रेझिस्टन्स, सर."

मला तिचा प्रश्न फार आवडला, कारण बहुतेक पोरं ५.१४ आलं की एकदोन रीडिंग "सेट" करतात आणि बरोबर ५.०० लिहून मोकळी होतात. हिनं तसं केलं नव्हतं, आणि या एका जर्नलच्या पानात टक्केवारीच्या एररमधल्या जवळजवळ सगळ्या गोष्टी होत्या, म्हणून ते प्रकरण इथं सविस्तर लिहितो.

आधी सामान काय होतं ते. बॅटरी एलिमिनेटर, रिओस्टॅट, प्लग की, युरेका वायरची कॉइल, ०-३ व्होल्टचा काट्याचा व्होल्टमीटर ज्याचा एक भाग ०.१ व्होल्ट, आणि ०-५०० मिलीअँपिअरचा अॅमीटर ज्याचा एक भाग १० मिलीअँपिअर. दोन्ही मीटरचा काटा बंद असताना शून्यावर होता, ते मी स्वतः बघितलं. तिनं रिओस्टॅट सरकवत घेतलेली रीडिंग अशी होती:

| व्होल्ट | मिलीअँपिअर | R (ओहम) |
|---|---|---|
| ०.६ | १२० | ५.०० |
| १.० | १९० | ५.२६ |
| १.४ | २७० | ५.१९ |
| १.८ | ३५० | ५.१४ |
| २.४ | ४७० | ५.११ |

सरासरी ५.१४. एररसाठी तिनं शेवटचं रीडिंग धरलं, व्होल्टमीटरचा लीस्ट काउंट ०.१ म्हणजे २.४ वर ४.२ टक्के, अॅमीटरचा १० म्हणजे ४७० वर २.१ टक्के, आणि मग R = V/I असा भागाकार आहे म्हणून ४.२ मधून २.१ वजा केले. आले २.१ टक्के, म्हणजे ५.१४ ± ०.११, म्हणजे ५.०३ ते ५.२५. मग ५ बाहेरच राहणार.

गर्मीचा विषय पहिले संपवतो. खोली तेव्हा ३७-३८ अंशांवर असेल, पण कॉइल युरेकाची आहे म्हणजे कॉन्स्टंटनची, आणि तिचा रेझिस्टन्स एका अंशाला लाखात दोन-चार भागच बदलतो. हिवाळ्यातल्या लॅबपेक्षा १५ अंश जास्त धरले तरी बदल ०.०५ टक्क्याच्या आसपास, आणि इथं फरक आहे २.८ टक्क्यांचा. कॉइल तांब्याची असती तर गोष्ट वेगळी होती, तांबं एका अंशाला सुमारे ०.३९ टक्के वाढतं, तिथं ७ अंशांतच २.८ टक्के झाले असते. म्हणजे पोराचा अंदाज वेडगळ नव्हता, फक्त वायर चुकीची धरली. नागपूरच्या उन्हाला इथं दोष देता येत नाही.

आता वजाबाकी. तिला मी सूत्र सांगितलंच नाही, म्हटलं तू स्वतः बघ. २.४ व्होल्ट ± ०.१ म्हणजे खरं व्होल्टेज २.३ ते २.५ मध्ये कुठंही असेल, करंट ४६० ते ४८० मध्ये कुठंही. आता सगळ्यात मोठा R कधी येईल? व्होल्टेज मोठं आणि करंट छोटा असेल तेव्हा. तिनं कॅल्क्युलेटरवर टाकलं, २.५ ला ०.४६० नं भागलं, आले ५.४३. सगळ्यात छोटा? २.३ ला ०.४८० नं, आले ४.७९. ५.११ पासून वर ०.३२, खाली ०.३२. टक्क्यांत ६.३. आणि ४.२ अधिक २.१ किती? तेही ६.३.

एवढं झालं की भागाकारात बेरीज का होते हे वेगळं सांगावं लागत नाही. व्होल्टेजची एरर वर गेली आणि करंटचीही वर गेली तर त्या एकमेकींना खातात हे खरं आहे, पण त्या दोघी एकाच दिशेला जातील याची गॅरंटी कोण देणार? दोन मीटर वेगळे, दोन काटे वेगळे, दोन स्प्रिंगा वेगळ्या, एकाला दुसऱ्याची खबर नाही. म्हणून सगळ्यात वाईट काय होऊ शकतं ते धरायचं आणि तिथं टक्के जोडले जातात:

ΔR/R = ΔV/V + ΔI/I

बेरीज लावली की ५.१४ ± ०.३२, म्हणजे ४.८२ ते ५.४६, आणि ५ आरामात आत बसतं. पोरगी खूश झाली आणि जर्नल बंद करायला निघाली. मी थांबवलं, कारण दोन गोष्टी अजून खटकत होत्या.

पहिली गोष्ट म्हणजे सरासरी. शेवटच्या रीडिंगला ६.३ टक्के एरर आहे हे ठीक, पण पहिल्याला? ०.६ व्होल्टवर तोच ०.१ म्हणजे १६.७ टक्के, १२० मिलीअँपिअरवर तेच १० म्हणजे ८.३ टक्के, बेरीज २५ टक्के. मीटर तेच, कॉइल तीच, मुलगी तीच, पण एक रीडिंग ६ टक्क्यांचं आणि एक २५ टक्क्यांचं. मधली तीन अनुक्रमे १५, ११ आणि ८ टक्क्यांच्या आसपास. काट्याची चूक व्होल्टमध्ये साधारण तेवढीच राहते, पण ज्यानं भागायचं ते रीडिंग छोटं झालं की टक्का फुगतो. म्हणूनच काटा डायलच्या वरच्या भागात ठेवून रीडिंग घ्या असं आम्ही ओरडत असतो. पोरांना वाटतं हा लॅबचा शिस्तीचा नियम आहे, खरं तर तो नुसता अंकगणिताचा मामला आहे.

मग पहिल्या ओळीतलं ५.०० बघा. टेबलात सगळ्यात "बरोबर" दिसणारं उत्तर तेच आहे, कारण ते लेबलशी जुळतं, आणि त्याच्याच मागे ± १.२५ ओहम लागले आहेत. ते ५.०० येणं हा योगायोग आहे, काटा अर्धा भाग इकडे-तिकडे झाला असता तर तिथं ४.६ किंवा ५.४ आलं असतं. तसंच ५.००, ५.२६, ५.१९, ५.१४, ५.११ अशी ओळ बघून कोणी म्हणेल की R आधी वाढला आणि मग कमी होत गेला, काहीतरी फिजिक्स आहे इथं. काही नाही. पहिल्याला ± १.२५, दुसऱ्याला ± ०.८, त्या पट्ट्या एकमेकांवर इतक्या पसरल्या आहेत की असा चढउतार वाचणं म्हणजे ढगात हत्ती बघणं. आणि साध्या सरासरीत या पाचही जणांना सारखा मान मिळतो, २५ टक्केवाल्यालाही आणि ६ टक्केवाल्यालाही, ते मला पटत नाही. एक तर खालची रीडिंग घेऊ नका, किंवा ग्राफ काढा आणि रेषा ओढताना वरच्या पॉइंट्सकडे जास्त लक्ष द्या.

इथंच सूत्राची एक मर्यादाही दिसते. पहिल्या ओळीला टोकं काढून बघा, ०.७ भागिले ०.११० म्हणजे ६.३६ आणि ०.५ भागिले ०.१३० म्हणजे ३.८५. वर २७ टक्के, खाली २३ टक्के. बेरजेचं सूत्र म्हणतं दोन्हीकडे २५. म्हणजे टक्के जोडायचा नियम हा छोट्या एररसाठीचा आहे, ५-६ टक्क्यांपर्यंत तो अगदी नीट चालतो, २०-२५ ला पोचला की दोन बाजू समान राहत नाहीत आणि तेव्हा सरळ टोकं काढलेली बरी.

पाच रीडिंग घेतली म्हणून एरर पाचनं भागली जात नाही हेही त्याच दिवशी सांगावं लागलं, कारण पार्टनरनं तेच विचारलं. काट्याकडे तिरकं बघितलं, हात हलला, अशी चूक दर वेळी वेगळी असते, ती सरासरीनं कमी होते. पण मीटरच जर ३ टक्के जास्त दाखवत असेल तर तो पाचही वेळा जास्तच दाखवणार, पन्नास रीडिंग घेतली तरी.

आता दुसरी खटकणारी गोष्ट, आणि माझ्या मते या प्रकरणात सगळ्यात शिकण्यासारखी हीच आहे. पाच उत्तरांपैकी चार ५ च्या वर, एक ५ वर, आणि खाली एकही नाही. नुसतं वाचण्याचं कमीजास्त असतं तर एखादं तरी ४.९ आलं असतं. आणि ही कॉइल आमच्याकडे मीटर ब्रिजवर दर वर्षी मोजली जाते, ती ५.० येते. म्हणजे कोणीतरी एकाच दिशेला ढकलत होतं. मी सर्किटकडे गेलो आणि वायर बोटानं धरत गेलो. व्होल्टमीटरची एक क्लिप कॉइलच्या टर्मिनलला होती, दुसरी मात्र अॅमीटरच्या पलीकडच्या टर्मिनलला. दिसायला सगळं बरोबर दिसतं, काटेही नीट फिरतात, पण व्होल्टमीटर आता कॉइल आणि अॅमीटर दोघांचं मिळून व्होल्टेज मोजतो आहे.

अॅमीटरचा स्वतःचा रेझिस्टन्स किती हे अंदाजानं सांगायची गरज नाही, ते मोजता येतं. करंट ४७० वर ठेवला आणि माझा डिजिटल मल्टीमीटर २०० मिलीव्होल्टच्या रेंजवर ठेवून अॅमीटरच्या दोन टर्मिनलवर टेकवला. ७०.५ मिलीव्होल्ट. भागिले ०.४७०, म्हणजे ०.१५ ओहम. आता ५.१४ मधून ०.१५ काढा, राहिले ४.९९.

मुलगी थोडा वेळ त्या आकड्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "सर, मग ± ०.३२ लिहून तर हे लपूनच गेलं असतं." अगदी बरोबर. वजाबाकी केली तेव्हा तिची पट्टी खोटी अरुंद होती, आणि त्या खोट्या अरुंद पट्टीमुळेच तिला शंका आली. बेरीज केल्यावर पट्टी खरी झाली, ५ आत आलं, आणि वायरिंगची चूक तिच्यात मजेत झोपून राहिली. ± हे फक्त "मीटर एवढे इकडे-तिकडे असू शकतात" एवढंच सांगतं, सर्किट चुकीचं जोडलं आहे हे ते कधीच सांगणार नाही. एकतर्फी चूक ± मध्ये टाकायची नसते, ती शोधून वजा करायची असते, आणि ती शोधायची खूण म्हणजे उत्तरं सगळी एकाच बाजूला पडणं.

मग प्रश्न येतो की क्लिप कॉइलवर आणली तर व्होल्टमीटर स्वतः करंट खातो त्याचं काय. आमचा हा व्होल्टमीटर फुल स्केलला १ मिलीअँपिअर घेतो, म्हणजे ३ किलोओहम. २.३५ व्होल्टवर तो ०.८ मिलीअँपिअर खातो, ४७० पैकी, म्हणजे ०.१७ टक्के. अॅमीटरमुळे होणाऱ्या ३ टक्क्यांसमोर हे काहीच नाही. ५ ओहमसारख्या छोट्या रेझिस्टन्सला व्होल्टमीटर थेट त्याच्याच दोन टोकांना लावायचा, आणि किलोओहममधला मोठा रेझिस्टन्स असेल तर उलट, तिथं अॅमीटरचा रेझिस्टन्स किरकोळ ठरतो आणि व्होल्टमीटरनं खाल्लेला करंट जड पडतो.

क्लिप बदलून परत घेतलं. ४७० मिलीअँपिअरवर काटा २.३ आणि २.४ च्या बरोबर मध्ये, म्हणजे २.३५. R आला ५.००. आता पार्टनर म्हणाला की अर्धा भाग वाचता येतो तर एरर पण अर्धी धरू, ०.०५ व्होल्ट आणि ५ मिलीअँपिअर, मग एकूण ३.२ टक्केच होतील. हा मोह सगळ्यांना होतो. मी दोघांना डायलवर वाकून खाली कोपऱ्यातला छोटा आकडा वाचायला लावला. तिथं बारीक अक्षरात २.५ लिहिलेलं असतं, तो मीटरचा अॅक्युरसी क्लास. अर्थ असा की मीटर फुल स्केलच्या २.५ टक्के कुठंही चुकू शकतो, आणि फुल स्केलच्या, रीडिंगच्या नाही. ३ व्होल्टचे २.५ टक्के म्हणजे ०.०७५ व्होल्ट, ५०० चे म्हणजे १२.५ मिलीअँपिअर. तुमची नजर कितीही तीक्ष्ण असो, काटा मुळात चुकीच्या जागी उभा असेल तर ती जागा अचूक वाचून उपयोग काय?

त्या हिशोबानं ०.०७५ भागिले २.३५ म्हणजे ३.२ टक्के, १२.५ भागिले ४७० म्हणजे २.७ टक्के, मिळून ५.९. जर्नलमध्ये ५.० ± ०.३. लीस्ट काउंटनं आलं होतं त्याच्या जवळच आहे, पण कारण वेगळं आहे, आणि मला क्लासवालं जास्त प्रामाणिक वाटतं. ५.००२ किंवा ४.९९७ असे आकडे मग लिहायचे नाहीत, दशांशानंतरचा पहिलाच आकडा ३ नं हलतो आहे तर तिसऱ्याला कोण विचारतो.

एक बारीक गोष्ट इथंच सांगतो कारण पुढच्या वर्षी लागते. दोन्ही एरर खरंच एकमेकींपासून स्वतंत्र असतील तर दोघीही एकाच वेळी टोकाला, आणि तेही उलट्या टोकाला, असं क्वचितच होतं, म्हणून पुढे टक्क्यांचे वर्ग करून जोडतात आणि वर्गमूळ घेतात. ३.२ आणि २.७ चं तसं केलं तर ४.२ येतात, ५.९ ऐवजी. बारावीत आणि एफवायला कमाल एरर विचारतात, तिथं सरळ बेरीजच करा, फक्त कोणती पद्धत वापरली ते लिहा.

आता खरी मजा. मुलीनं विचारलं, "सर, यापेक्षा चांगलं कसं करायचं? चांगला व्होल्टमीटर लावला तर?" चांगला प्रश्न, कारण टक्के जोडताना आपल्याला फुकटात एक माहिती मिळते, कोणता मीटर जास्त बिघडवतो आहे. ३.२ मध्ये व्होल्टमीटर, २.७ मध्ये अॅमीटर. व्होल्टमीटर काढून माझा डिजिटल लावला. त्याच्या मॅन्युअलमध्ये डीसी व्होल्टसाठी रीडिंगच्या ०.५ टक्के अधिक शेवटच्या आकड्याचे २ असं दिलं आहे. २.३५ साठी २० व्होल्टची रेंज लागते, शेवटचा आकडा ०.०१, म्हणून एरर ०.०१२ अधिक ०.०२, म्हणजे ०.०३२ व्होल्ट, १.४ टक्के. अॅमीटरचे २.७ तसेच. एकूण ४.१.

मग ती म्हणाली की व्होल्टेज १.८ वर आणलं तर २ व्होल्टची रेंज लागेल, तिथं शेवटचा आकडा ०.००१ आहे. केलं. व्होल्टेजची एरर ०.६ टक्क्यावर आली, फार सुंदर. पण करंट ३६० झाला, आणि १२.५ भागिले ३६० म्हणजे ३.५ टक्के. एकूण किती? ४.१. जिथे होतो तिथेच. एकीकडे कमावलं ते दुसरीकडे गेलं, कारण आता सगळं अॅमीटरच्या हातात आहे. यापुढे व्होल्टमीटरवर कितीही पैसे घाला, अॅमीटरचे २.७ टक्के खाली येणार नाहीत.

"मल्टीमीटरनं डायरेक्ट ओहमच का नाही मोजत?" असं पार्टनरचं. मोजून दाखवलं. कॉइल ५.३ दाखवते, आणि दोन लीड एकमेकींना टेकवल्या तर ०.३. वजा करून ५.० येतात, ठीक, पण शेवटचा आकडाच ०.१ ओहमचा आहे, आणि वजाबाकीत टक्के नाही तर सरळ एरर जोडल्या जातात, ०.१ आणि ०.१ मिळून ०.२, म्हणजे इथंच ४ टक्के, मीटरची स्वतःची एरर वेगळीच. फायदा नाही.

दुसऱ्या दिवशी मी बर्डीवरून एक १० ओहमचा, एक टक्का टॉलरन्सचा मेटल फिल्म रेझिस्टर आणला, अर्ध्या वॉटचा. त्यावर पाच पट्ट्या असतात, तपकिरी, काळी, काळी, सोनेरी, तपकिरी. दोन्ही टोकांना तपकिरीच, म्हणून पोरं विचारतात की वाचायचं कुठून. उलट्या बाजूनं वाचलं तर दुसरा आकडा सोनेरी येतो आणि सोनेरीला आकडाच नाही, म्हणजे दिशा आपोआप ठरते. शेवटची तपकिरी म्हणजे एक टक्का.

अॅमीटर सर्किटमधून काढूनच टाकला. हा रेझिस्टर आणि कॉइल सिरीजमध्ये, दोघांतून करंट तोच. आता एकाच मल्टीमीटरनं, एकाच २ व्होल्टच्या रेंजवर, आधी कॉइलवरचं व्होल्टेज, मग रेझिस्टरवरचं. आले ०.६०४ आणि १.२०३. करंट तोच असल्यामुळे R म्हणजे १० गुणिले ०.६०४ भागिले १.२०३, म्हणजे ५.०२.

एरर काढताना मी तिला म्हटलं, आता तुझी ती पहिल्या दिवशीची वजाबाकी आठव. मल्टीमीटर ०.५ टक्के चुकत असेल तर वर ०.६०४ मध्येही तो तेवढाच चुकतो आणि खाली १.२०३ मध्येही, त्याच दिशेला, कारण मीटर एकच आणि रेंजही एकच. भागाकारात ते ०.५ आणि ०.५ खरोखर कटतात. ती ज्या भागाकाराच्या भरवशावर टक्के वजा करत होती तो इथं चालतो, कारण दोन्ही एररचा उगम एकच आहे. तिथं दोन वेगळे मीटर होते म्हणून चालला नव्हता. भागाकार आहे का हा प्रश्नच चुकीचा होता, दोन्ही एरर एकाच ठिकाणाहून येतात का हे विचारायचं होतं.

शेवटच्या आकड्याचे २ मात्र कटत नाहीत, ते दर रीडिंगला वेगळे पडू शकतात. ०.००२ भागिले ०.६०४ म्हणजे ०.३३ टक्के, १.२०३ वर ०.१७ टक्के, आणि रेझिस्टरचा १ टक्का. बेरीज १.५. रेझिस्टर तापून बदलतो का हेही बघितलं, ०.१२ अँपिअरला त्यात ०.१४ वॉट जातात, अर्ध्या वॉटच्या रेझिस्टरला ते चालतं, पण पाच मिनिटं तसंच सोडून परत रीडिंग घेतलं, आकडे तेच होते.

तिनं जर्नलमध्ये पहिलं ५.१४ ± ०.११ खोडलं नाही, मी सांगितलं होतं म्हणून ते वाचता येईल अशी एकच रेघ मारली, बाजूला सर्किटची चुकीची आकृती आणि ०.१५ ओहमचा हिशोब लिहिला, आणि खाली ५.०२ ± ०.०८ ओहम. मग मला विचारलं की आता १.५ मधला १ टक्का तर रेझिस्टरचाच आहे, ०.१ टक्क्याचा मिळतो का. मिळतो. तो लावला तर एकूण ०.६ टक्के होतील, आणि मग पाळी येईल त्या ०.६०४ मधल्या शेवटच्या चारची.